पेटीतली दाराआडची बाई

माझ्या सुनेला स्पॅनिश येतं. हे मी डोणगावात पहिल्यांदा सांगितलं तेव्हा शेजारची झुंबरबाई म्हणाली, "थे काय असते, जनकाबाई? विणकाम हाये का?"

मी म्हटलं, "भाषा हाये. साता समुद्रापल्याडची. तुले मराठी धड येत नाही, तुले काय समजणार?"

झुंबरबाई हसली, पण तिनं विचारलं ते सारं गावच विचारत होतं. सुभद्रा मुंबईत वाढलेली. बाप रेल्वेच्या कारखान्यात कामाला. स्पेनचे पाद्री शिकवतात त्या कॉलेजात ती ही भाषा शिकली, पहिल्या नंबरानं पास झाली आणि लग्न करून आली डोणगावात, जिथं स्पेन कोणत्या तालुक्यात येतं ते कोणाला ठाऊक नाही. माझा शालिग्राम इथल्या शाळेत मास्तर. त्याला नोकरी होती, मला घर होतं, शेत होतं. सुभद्रेकडे एक जाडजूड डिक्शनरी होती आणि ती कपाटात कपड्यांखाली पडून होती. ती तक्रार करत नव्हती. पण पीठ मळता मळता कधी कधी ती तोंडातल्या तोंडात त्या भाषेत पुटपुटायची, आणि मी पाहिलं की गप्प व्हायची. मला ते गप्प होणं आवडायचं नाही. शिकलेल्या माणसाची विद्या अशी कुजवायला मी काय सून केली होती?

मग माणिकराव आले. विदर्भ धान्यरक्षण मंडळाचे साहेब. मंडळानंच आमच्या भागात संकरित मका आणला होता. पीक आलं उदंड, घरात ठेवलं आणि सोंड्यांनी पोखरून त्याचं पीठ केलं. माझ्या कोठीतला तर मी गुरांपुढं टाकला. माणिकराव मंडळाच्या वतीनं मेक्सिकोला शिकायला जाऊन आले होते. ते म्हणाले की मका मूळचा तिकडचाच, आणि तिकडचे शेतकरी तो वर्ष वर्ष टिकवतात. कसा टिकवतात ते त्यांनी शेतकऱ्यांच्या तोंडूनच टेपवर भरून आणलं होतं. प्रश्न विचारले ते त्यांच्या तिकडच्या सोबत्यानं, स्पॅनिशमध्ये. माणिकरावांना त्या भाषेत नमस्कार आणि पाणी एवढंच येत होतं.

"काकू," ते मला म्हणाले, "पहिली मुलाखत सूनबाईंना देतो. आधी स्पॅनिशमध्ये जसंच्या तसं उतरवायचं, मग मराठी करायचं. मराठीची पुस्तिका निघेल. काम पसंत पडलं तर बाकीच्या सगळ्या टेपा यांनाच, आणि मंडळाची कायमची नेमणूक. घरी बसून काम. नाही पसंत पडलं तर मुंबईला एक गृहस्थ आहेत, त्यांच्याकडे पाठवावं लागेल."

सुभद्रा खाली मान घालून ऐकत होती. पण तिच्या पायाचा अंगठा जमिनीवर एका जागी थांबत नव्हता. तिला हे काम किती हवं होतं ते मला तिथंच कळलं. मी म्हटलं, "मुंबईच्या माणसाले पत्र लिहाची घाई करू नका."

टेपची पेटी ओसरीवर ठेवली. दोन चाकं, एकावरची फीत दुसऱ्यावर जायची, आणि पुढं आकडे फिरणारी एक छोटी खिडकी. आवाज आला तो कोंबड्यांचा. मग एक पुरुष बोलायला लागला.

"हे दोन फिदेन्सियो," सुभद्रा म्हणाली.

"एकच तर बोलून राह्यला. दुसरा कुठी हाये?"

"एकच आहे, आत्याबाई. दोन म्हणजे त्यांच्यात आपल्या 'राव'सारखं. फिदेन्सियोराव."

"मंग तसं म्हण."

तिचं काम बघण्यासारखं होतं. थोडं वाजवायची, थांबवायची, लिहायची. चाक मागं फिरवायची, तेच पुन्हा. ऐकू आलं नाही तर तीनदा, चारदा. तरी नाही आलं तर कंसात 'अस्पष्ट' लिहायची आणि बाजूला खिडकीतला आकडा, म्हणजे ती जागा पुन्हा सापडावी. एकेका वाक्याला डाळ शिजून व्हायची. मी शेजारी ज्वारी निवडत बसायची. मला अर्थ कळत नव्हता, पण तो माणूस मला ओळखीचा व्हायला लागला. आवाज खर्जातला, बोलणं संथ, आणि मधेमधे एकच शब्द. एस्ते. एस्ते. एस्ते.

"हा एस्ते कोण हाये?" मी विचारलं.

"कोणी नाही. आपण नाही का म्हणत, 'म्हणजे', 'थे काय म्हंते'? बोलताना अडलं की म्हणतात. 'पुएस' म्हणतात तेही तसंच."

"आणि तू थे लिहून राह्यली?"

"स्पॅनिशमध्ये लिहायचं. उतरवताना माणूस बोलला तसा ठेवायचा. मराठी करताना काढता येतं."

"काढच. शेतकऱ्याच्या जातीचा माणूस असा चाचरत बोलून राह्यला, लोकाईले वाटंल खोटं बोलते."

अडचण नुसती एवढीच नव्हती. तिची डिक्शनरी स्पेनमध्ये छापलेली. त्यात मेक्सिकोच्या खेड्यातले शब्द कुठून असणार? फिदेन्सियोराव एकदा म्हणाले 'तोतोमोश्त्ले'. सुभद्रेनं डिक्शनरी चाळून बाजूला ठेवली आणि चाक मागं फिरवलं. त्याच दमात ते आधी 'ओहा' म्हणाले होते, म्हणजे पान. मक्याच्या कणसाभोवती जी पानं घट्ट बसलेली असतात ती. तिनं तसं लिहिलं, आणि समासात लिहिलं की हा अर्थ बोलण्याच्या ओघावरून लावला आहे, डिक्शनरीत नाही.

दुसरा शब्द 'कुएश्कोमाते'. ज्यात कणसं साठवतात ते. त्या सोबत्यानं खोदून विचारलं म्हणून म्हाताऱ्यानं सगळं वर्णन केलं होतं. माती आणि गवत कालवून बांधलेलं, मोठ्या मडक्यासारखं पोट सुटलेलं, अंगणात उभं, वर गवताचं छप्पर, आणि छपराखाली तोंड.

"कणगी म्हण ना," मी म्हटलं.

"कणगी बांबूची विणून लिंपलेली असते, आत्याबाई. ही नुसत्या मातीची. कणगी लिहिलं तर लोक आपल्या घरातली कणगी डोळ्यांसमोर आणतील आणि त्यात भरतील. शब्द त्यांचाच ठेवते, आणि खाली लिहिते की आपल्या कणगीसारखं, पण मातीचं आणि अंगणातलं."

मला पटलं. पटलं असं मी म्हटलं नाही, पण त्या दिवशी चहा मी केला.

मधे एकदा माणिकराव येऊन काम पाहून गेले. स्पॅनिशच्या कागदांवर 'एस्ते'ची रांग पाहून त्यांनी कपाळाला हात लावला. "हे सगळं पुस्तिकेत नको हं. व्याख्यानासारखं सुटसुटीत वाचलं गेलं पाहिजे. आणि हे कोंबड्या, भांडी, कोणीतरी मागं बोलतंय, हेही सोडून द्या."

मीही त्यांच्याच बाजूनं बोलले. "मी कधीची सांगून राह्यली."

सुभद्रेनं मराठी प्रत तशी केली. घासून पुसून लख्ख. फिदेन्सियोराव असे बोलत होते की आमदारानं हेवा करावा. मक्याचं झाड उभं असतानाच मोडून वाकवून ठेवायचं, कणीस तिथंच वाळू द्यायचं, मग पानांसकट आणून कुएश्कोमातेत भरायचं. मला वाचून दाखवलं. मी म्हटलं, "शाबास. आता बोलाव त्याईले."

"एकदा टेपशी ताडून पाहते," ती म्हणाली. "हा नियमच आहे. लिहिलेलं पुढं ठेवायचं आणि सलग ऐकायचं, न थांबवता."

सकाळची वेळ. मी सुपात ज्वारी पाखडत होते. पेटी वाजत होती. अचानक सुभद्रा म्हणाली, "आत्याबाई, जरा सूप थांबवता?"

मी थांबले. तिनं चाक मागं फिरवलं, वाजवलं. पुन्हा मागं फिरवलं. मग स्पॅनिशचे कागद काढून ती बोटानं मोजल्यासारखं करत ओळी बघू लागली.

"काय झालं?"

"नांगरणीबद्दल विचारलं तेव्हा यांनी एकदाही एस्ते म्हटलेलं नाही. पेरणीलाही नाही. वाकवण्यालाही नाही. भराभर सांगितलंय. साठवणीचा विषय आला की एस्ते, एस्ते, आणि मग थांबतात. मी म्हटलं थांबले, विचार करतायत. पण ऐका, ते थांबतात तेव्हा टेप गप्प नाही."

तिनं आवाजाचं बटण पूर्ण फिरवलं. पेटी खरखरली. एस्ते… एस्ते… आणि मग कोंबड्यांच्या आड, लांबून, एक बाई काहीतरी बोलली. दोनचार शब्द. ती बोलून झाली की म्हातारा गडगड बोलायला लागला.

"ही बाई मी मागच्या गोंगाटात धरली होती," सुभद्रा म्हणाली. "भांड्याकुंड्यांत. दर एस्तेनंतर हीच आहे. आणि ते वाक्य संपवताना म्हणतात, 'वेर्दाद, होविता?' म्हणजे 'खरं ना, होविता?' ही बायको आहे त्यांची."

मी सूप खाली ठेवलं. आता मला जे दिसलं ते तिला दिसायचं कारण नव्हतं, तिचं वय मुंबईत गेलं. आमचे हे, पंजाबराव, होते तेव्हा तलाठी आला की ओसरीवर बसायचा. घरात किती पोती आली, बियाणं किती ठेवलं, तो यांना विचारायचा. यांना काय ठाऊक? हे शेताचे मालक, कोठीची मालकीण मी. हे खाकरायचे. खाकरले की मी दाराआडून सांगायची, आणि हे जसं काही आपल्याच डोक्यातून आलं तसं तलाठ्याला सांगायचे. तलाठी कागदावर लिहायचा, पंजाबराव सांगतात. कोणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही.

"सुभद्रे," मी म्हटलं, "थो अडखळून नाही राह्यला. थो खाकरून राह्यला. तुह्या सासऱ्यासारखा. कणगीची मालकीण आत हाये. फरक एवढाच की हा नाव घेऊन हाक मारते."

सुभद्रा इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं. पदरानं डोळे पुसून म्हणाली, "मग मला ही बाई सगळी उतरवावी लागेल."

तो दिवस आणि पुढचा दिवस तिनं बाकी काही केलं नाही. कागदावर आधी दोन जणांची खूण होती, विचारणारा आणि फिदेन्सियो. आता तिसरी आली, होविता. तिचे शब्द पाव तरी कोंबड्यांनी खाल्लेले. जे ऐकू आलं ते लिहिलं, नाही आलं तिथं कंस. आणि नवराबायकोचं बोलणं शेजारी शेजारी ठेवल्यावर दिसलं की फिदेन्सियोराव सगळं सांगत नव्हते. होविता सांगायची चार गोष्टी, हे पुढं द्यायचे तीन. नेमकं साठवणीत त्यांनी गाळलेलं ते हे: भरण्याआधी ती कणसं निवडते. ज्याची पानं टोकापर्यंत घट्ट मिटलेली, तेवढीच कुएश्कोमातेत. आणि ज्याचं टोक उघडं पडलंय त्याचं वेगळं काहीतरी आधी करायचं. काय करायचं ते एका कोंबड्यानं गिळलं.

मी ऐकलं आणि माझी कोठी आठवली. आमच्या संकरित मक्याची कणसं मी हातानं सोललेली. टपोरी, दाण्यानं भरलेली, आणि टोकाला पानं उघडी, जसं तोंड वासून बसलंय. सोंडे तिथूनच शिरले होते. ती लख्ख पुस्तिका वाचून आमच्या लोकांनी सगळाच मका पानांसकट भरला असता, आणि पुन्हा पीठ.

"आता मराठी प्रत?" मी विचारलं.

"पुन्हा करावी लागेल. पण ती आता सुटसुटीत होणार नाही. दोघांची राहील, आणि मधे कंस राहतील. माणिकरावांना आवडणार नाही." मग ती म्हणाली, "काम मुंबईच्या माणसाकडे जाईल, आत्याबाई."

"तुले काय बरोबर वाटते?"

"हेच बरोबर आहे."

"मंग पाटावर बसून लिहून राह्यली कायले? खुर्ची आणून देतो शालिग्रामची. नीट बस."

माणिकराव ठरल्या दिवशी जीप घेऊन आले. नवी प्रत चाळता चाळता त्यांच्या भुवया वर चढत गेल्या.

"ही होविता कोण?"

सुभद्रेनं सांगितलं.

"अहो, पण मुलाखत फिदेन्सियोची आहे. मंडळाच्या कागदावर तसं आहे. आणि हे काय, 'टोक उघडं असलेलं कणीस, अस्पष्ट, आधी'? छापील पुस्तिकेत अस्पष्ट लिहिलं तर लोक हसतील. 'आधी खावं' लिहा. उघड आहे."

"उघड नाही साहेब," सुभद्रा म्हणाली. तिचा आवाज बारीक होता पण अडखळला नाही. "आधी खावं असेल, आधी विकावं असेल, आधी सोलून उन्हात टाकावं असेल. क्रियापद ऐकूच आलेलं नाही. मी लिहिलं तर ते माझं होईल, होविताचं नाही. तुमच्या सोबत्याला पत्र पाठवून विचारता येईल. टेपवरचा आकडा मी दिलाय. तोवर कंस राहू द्यावा."

"आणि हे मागचं बोलणं सोडून द्यायला मी सांगितलं होतं. काकू, तुम्हीही सांगितलं होतं."

"हाव, मी म्हटलं होतं काढ. आता म्हणतो ठेव. घर माहं, दोन्ही हुकूम माहे."

"काकू, ही सरकारी—"

"मंग न्या पेटी. सुभद्रे, फीत गुंडाळून दे साहेबाईले. पण आधी एक डाव ऐकून जा. तुमच्याच हातची टेप हाये, ऐकाले काय जाते?"

ऐकायला त्यांचं काही जात नव्हतं, आणि चहाही आत उकळत होता. ते बसले. सुभद्रेनं आकडा लावला, बटण फिरवलं. एस्ते, एस्ते. कोंबड्या. बाई. म्हातारा. माणिकरावांनी मान हलवली, काही विशेष नाही अशी. तिनं पुन्हा लावलं, आणि बाईच्या आवाजावर बोट वर केलं. पुन्हा लावलं. या वेळी माणिकराव पुढं झुकले.

"थांबवा," ते म्हणाले. मग पेटीकडे बोट केलं. "ही बाई मी पाहिलीय. माइक माझ्याच हातात होता. ती भिंतीपाशी कणसांच्या ढिगात बसली होती, आणि एक एक उचलून दोन बाजूंना टाकत होती. दोन ढीग. मला वाटलं आम्हाला बसायला जागा करतेय. आणि ती बोलली की मला राग यायचा, म्हटलं आवाज खराब होतो. मी माइक म्हाताऱ्याच्या आणखी जवळ नेला."

"तरीच कोंबडे मोठे आन् बाई लहान," मी म्हटलं.

माणिकराव हसले नाहीत. त्यांनी खिशातून पेन काढलं. मला वाटलं होविताला खोडतात. त्यांनी पहिल्या पानावर, जिथं लिहिलं होतं 'श्री. फिदेन्सियो यांची मुलाखत', तिथं 'आणि सौ. होविता' असं मधे घातलं आणि 'सौ.'च्या खाली रेघ ओढून विचार करत राहिले, की तिकडं सौ. लावतात का. सुभद्रा म्हणाली, "दोन्या लावतात. दोन्या होविता." त्यांनी सौ. खोडून तसं लिहिलं.

"एस्ते मात्र पुस्तिकेत नको," ते म्हणाले. "एवढं तरी माझं ऐका."

"मराठीत नकोच," सुभद्रा लगेच म्हणाली. "तिथं आता होविता बोलते, म्हणजे एस्तेचं काम संपलं. स्पॅनिशच्या प्रतीत राहील."

"आणि कंस?"

"कंस राहील."

"राहू द्या. मी आजच पत्र टाकतो." ते उठले. जीपपर्यंत गेले आणि परत आले ते हातात एक पत्र्याची पेटी घेऊन. ओसरीवर ठेवली. आत फितींची चाकं एकावर एक रचलेली. "नेमणुकीचा कागद मागून येईल. शिफारस माझीच असते, ती झाली. हे इथंच ठेवतो, सूनबाई. मुंबईला पाठवण्यात अर्थ नाही. तिकडचा माणूस मला सुटसुटीत करून देईल आणि मी खूश होऊन छापेन."

झुंबरबाई कुंपणावरून सगळं पाहत होती. "काय झालं हो, जनकाबाई?"

"माही सून मंडळात लागली. भाषेच्या कामावर. इणकाम नाही."

जीप वळत होती तेव्हा मी माणिकरावांना थांबवलं. म्हटलं, पुढच्या डावी जाल तर माइक दाराच्या अंगाला ठेवत जा, आणि आधी विचारत जा की कोठीची किल्ली कोणाकडं असते. ते हो म्हणाले. आमच्या गावातही असंच विचारत जा, हे मी सांगितलं नाही. ते त्यांचं त्यांना समजेल.

सुभद्रेनं तोवर दुसरी फीत चाकावर चढवली होती. नवा आवाज, नवा माणूस, मागं कुठं तरी पाणी पडत होतं. तिनं कोरा कागद घेतला, पण लिहायला घेतलं नाही. ऐकत राहिली आणि मग मला म्हणाली, "आत्याबाई, इथं किती जण आहेत असं वाटतं?"

मी सूप बाजूला सारलं. "लाव पुन्हा," म्हटलं.